ठेका बरोबर असूनही गाणे रेंगाळते किंवा धापा टाकते: कॉर्ड किती वेळा बदलतात ते तपासा

जळगाव, धुळे आणि अमळनेर या पट्ट्यातील ऑर्केस्ट्रा, लग्नाचे बँड आणि घरगुती स्टुडिओ यांच्यासाठी मी कीबोर्ड वाजवतो आणि गाण्यांची अरेंजमेंट करतो. लग्नसराईच्या आधी आणि श्रावणात कानबाईच्या गाण्यांच्या दिवसांत माझ्याकडे एक तक्रार हमखास येते, आणि ती दरवेळी जवळजवळ त्याच शब्दांत येते. गाण्याची चाल चांगली आहे, गायकाचा सूर पक्का आहे, ढोलकी घट्ट वाजलेली आहे, तरी गाणे अंगात येत नाही. धुळ्याच्या एका ढोलकीवाल्याने अहिराणीत ती नेमकी सांगितली होती: ‘‘गानं पयस, पन पुढे जास नही,’’ म्हणजे गाणे पळते, पण पुढे जात नाही. अशा दहा गाण्यांपैकी बहुतेक गाण्यांत मला दोष सापडतो तो टेम्पोत किंवा ठेक्यात नव्हे, तर कॉर्ड किती वेळाने बदलतात यात. या बदलांच्या गतीला हार्मोनिक रिदम म्हणतात. मेट्रोनोमचा आकडा ही एक गती असते, ढोलकीच्या बोलांची दाटी ही दुसरी आणि कॉर्ड बदलण्याची ही तिसरी. ऐकणाऱ्याला पहिल्या दोन लगेच कळतात, तिसरी कळत नाही, परंतु गाणे कोठे चालले आहे ही भावना त्याला तिसरीच देते.

लक्षणे

पुढीलपैकी दोन किंवा अधिक लक्षणे आढळली तर हा लेख आपल्या गाण्याला लागू पडेल.

मेट्रोनोम १०० वरून १०८ वर नेला तरी गाणे अधिक उत्साही वाटत नाही, उलट गायकाची धांदल उडते. अंतरा संपून मुखडा परत येतो तेव्हा घरी आल्यासारखे वाटत नाही, आणि तो क्षण उठून दिसावा म्हणून प्रत्येक वेळी ड्रमचा मोठा फिल टाकावा लागतो. गायक लांब स्वर धरतो तेव्हा तो मध्येच डळमळतो आणि ‘‘खालून काहीतरी ओढते आहे’’ असे म्हणतो. कोरस, पॅड, बासरी असे एकेक वाद्य वाढवले तरी मुखडा आणि अंतरा यांची उंची सारखीच राहते. या सगळ्याच्या उलटही एक प्रकार असतो: पहिला मुखडा छान वाटतो, परंतु दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, कारण सुरुवातीपासून खाली एकच कॉर्ड चार-चार आवर्तने पडून असते.

तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने देत आहे. पहिल्या तीन तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि अर्ध्या तासात त्या होतात, म्हणून त्या टाळून थेट शेवटच्या दुरुस्तीकडे जाऊ नये.

पहिली तपासणी: कॉर्ड काढून टाका आणि फक्त तानपुऱ्यावर गा

मोबाईलवरील तानपुरा लावा, ढोलकी चालू ठेवा, कीबोर्ड आणि बेस पूर्ण बंद करा आणि गायकाला मुखडा व एक अंतरा गाऊ द्या. तानपुरा म्हणजे ज्यात काहीच बदलत नाही असा आधार, त्यामुळे त्याच्यावर चाल स्वतःच्या पायावर उभी राहते की नाही हे लगेच समजते. आपल्याकडे तानपुऱ्याच्या एकाच स्वरसंगतीवर विलंबितापासून द्रुतापर्यंत सगळे गाता येते, म्हणजे कॉर्ड न बदलताही गाण्यात जोम असू शकतो, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. पाश्चात्त्य संगीतातही याचे उदाहरण आहे. माइल्स डेव्हिस यांनी १९५९ मध्ये रेकॉर्ड केलेल्या ‘सो व्हॉट’ या रचनेच्या ३२ बारांच्या एका फेरीत १६ बार एकच स्वरसमूह असतो, पुढचे ८ बार तोच अर्ध्या स्वराने वर जातो आणि शेवटचे ८ बार पुन्हा मूळ जागी येतो.

म्हणून या तपासणीचा निकाल महत्त्वाचा आहे. तानपुऱ्यावर गाणे जिवंत वाटले आणि कीबोर्ड आल्यावर मेले, तर दोष कॉर्डमध्ये आहे आणि पुढे वाचावे. तानपुऱ्यावरही गाणे रेंगाळत असेल, तर दोष चालीत, शब्दांच्या वजनात किंवा ठेक्यात आहे. तेथे कॉर्डला हात लावून काही मिळणार नाही. गाणे संगीतकाराकडे परत न्यावे.

दुसरी तपासणी: कागदावर बार आखा आणि बदल मोजा

केरव्याचे एक आवर्तन म्हणजे आठ मात्रा. आपण मेट्रोनोमची एक टिकटिक दोन मात्रांना धरतो, म्हणून चार टिकटिकींचा एक बार आणि एक आवर्तन हे एकच होते. वहीच्या एका ओळीत चार चौकोन आखावेत, प्रत्येक चौकोन एक आवर्तन मानावा आणि ज्या मात्रेवर कॉर्ड बदलते तेथे तिचे नाव लिहावे. दादऱ्यात चौकोन सहा मात्रांचा धरावा. नंतर प्रत्येक कॉर्ड किती वेळ टिकते तो आकडा चौकोनाखाली लिहावा.

पुष्कळ वादक हे करत नाहीत, कारण गाणे त्यांच्या बोटांत बसलेले असते. परंतु बोटांना सवय दिसते, प्रमाण दिसत नाही. कागदावर आकडे आले की दोनपैकी एक चित्र समोर येते. एकतर सगळीकडे एकच आकडा असतो, म्हणजे मुखडा, अंतरा आणि म्युझिक पीस या सर्वांत कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या बारानेच बदलतात. किंवा आकडे वेगवेगळे असतात, परंतु ते चालीशी न जुळता कोठेही पडलेले असतात. माझ्याकडे येणाऱ्या गाण्यांत पहिले चित्र फार वेळा दिसते, आणि त्याचे कारणही साधे आहे: आता बहुतेक गाणी संगणकावर चार कॉर्डचा एक लूप ठेवून बनवली जातात, आणि तो लूप एकदा टाकला की गाणे संपेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही.

ही सारखी गती का बाधते ते समजून घ्यावे. कॉर्ड बदलली की कानाला पाऊल पुढे पडल्यासारखे वाटते. सगळी पावले सारख्या अंतरावर पडली तर ती चाल राहते, पण ओढ तयार होत नाही. अमेरिकेतील ब्लूजच्या बारा बारांच्या साच्यात ही ओढ उघड दिसते. त्याच्या सर्वांत साध्या रूपात पहिली म्हणजे घरची कॉर्ड चार बार टिकते, मग दोन बार मध्यमाची, पुन्हा दोन बार घरची, त्यानंतर एक बार पंचमाची, एक बार मध्यमाची आणि शेवटी दोन बार घरची. चार, दोन, दोन, एक, एक आणि मग विसावा. टेम्पो एका केसानेही बदललेला नसतो, तरी नवव्या-दहाव्या बाराला आपण घराकडे जलद निघालो आहोत असे वाटते.

तिसरी तपासणी: बदलांवर टाळी द्या

गाणे रेकॉर्डिंगवर लावा आणि ठेक्यावर नव्हे तर केवळ कॉर्ड बदलतात तेथे टाळी द्या. सोपे वाटते, पण पहिल्या खेपेस बहुतेकांचा हात आपोआप ढोलकीकडे वळतो, म्हणून दोन-तीन वेळा करावे. टाळ्या ऐकताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे.

एक म्हणजे टाळी समेवर पडते की खालीच्या मात्रेवर. केरव्यात पाचव्या मात्रेवर खाली आहे. कॉर्ड प्रत्येक अर्ध्या बाराला बदलत असेल तर प्रत्येक खालीवर समेइतकेच वजन येते, आणि मग ती खाली राहतच नाही. ढोलकीवाला डाव्या हाताचा घुमारा काढून खाली हलकी ठेवण्याचा प्रयत्न करतो आणि बेस नेमका तेथेच नवा स्वर दाबून आदळतो. केरव्याचा झोका अशा ठिकाणी सपाट होतो. ढोलकीवाला कमी पडतो अशी तक्रार आली की मी आधी बेसची ओळ पाहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टाळी नेमकी मात्रेवर पडते की तिच्यामागे. स्टाइल वाजवणाऱ्या कीबोर्डवर डाव्या हाताची कॉर्ड बोटे पडल्यावरच ओळखली जाते. बोटे समेच्या किंचित मागे पडली तर सम जुन्या कॉर्डवरच वाजते आणि बेस तिच्यानंतर उडी मारतो. हा दोष एका बारात एकदा झाला तर फारसा जाणवत नाही, पण बदल दुप्पट असतील तर तोही दुप्पट वेळा होतो आणि गाणे सतत अर्धे पाऊल मागे चालते. यावर उपाय सरावाचा आहे: कॉर्ड समेच्या अगदी कडेवर, किंचित आधीच दाबण्याची सवय लावावी. बोटे फार आधी पडली तर मागच्या आवर्तनाच्या शेवटीच बेस उडतो, म्हणून हा सराव ढोलकीच्या लूपवर, एका गाण्याच्या एकाच ओळीवर, संथ टेम्पोत करावा.

चौथी तपासणी: बेस एका जागी धरून पाहा

कॉर्डना हात न लावता बेसला चार बार फक्त षड्जावर ठेवावे. वरच्या कॉर्ड बदलत राहिल्या तरी खालचा पाया हलत नसल्याने कानाला बदल निम्मेच वाटतात. गाणे यामुळे मोकळे झाले तर बदल जास्त होते हे सिद्ध झाले, आणि कधी कधी दुरुस्तीही एवढ्यावरच भागते. मी अंतऱ्याचे पहिले चार बार पुष्कळदा असेच ठेवतो. उलट प्रयोगही करता येतो: कॉर्ड एकच ठेवून बेसला सा, ग, प असा फिरवावा. मग कॉर्ड न बदलता हालचाल मिळते. गाणे पडून राहते अशी तक्रार असेल तर नवी कॉर्ड शोधण्याआधी हे करून पाहावे, कारण यात चालीशी भांडण होण्याचा धोका जवळजवळ नसतो.

पाचवी तपासणी: लूप निम्म्या गतीने चालवा, आणि मग चालीला विचारा

येथे एक प्रत्यक्ष गाणे घेतो, म्हणजे नुसते नियम राहणार नाहीत. मागे चोपडा तालुक्यातील एका तरुण संगीतकाराने कानबाईच्या उत्सवासाठी केलेली नवी चाल माझ्याकडे आणली होती. केरवा, टेम्पो १००, पट्टी सी मेजर. तक्रार वर लिहिली तीच: टेम्पो १०८ केला तरी जोर येत नाही आणि शेवटच्या ओळीनंतर मुखडा घरी येत नाही. तानपुऱ्यावर गाऊन घेतले तेव्हा चाल उत्तम उभी राहिली. कागदावर मांडले तेव्हा मुखडा आणि अंतरा दोन्हींखाली एकच लूप होता:

| सी – एमायनर | एफ – जी | सी – एमायनर | एफ – जी |

हाच पुन्हा एकदा, असे आठ बार. टेम्पो १०० असताना एक बार २.४ सेकंदांचा होतो, म्हणजे कॉर्ड दर १.२ सेकंदांनी बदलत होती, आणि मुखड्यात १६ बदल होते. टेम्पो १०८ केल्यावर कॉर्ड १.१ सेकंदांनी बदलू लागली. जो दोष होता तोच त्यांनी पैसे देऊन वाढवला होता.

मुखड्याची चाल अशी होती. प्रत्येक ओळ एक बार, आठ मात्रा:

१. प – – – ग रे ग –
२. प – – – ग रे सा –
३. ध – – – ध प म –
४. प – – – ग – – –
५. सां – – – नि ध – –
६. ध – – – प म – –
७. म – रे – रे – ऩि –
८. सा – – – – – – –

(सातव्या बारातील ऩि मंद्र सप्तकातला आहे.)

चाल पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते: पहिल्या सहा बारांत प्रत्येक बाराचा पहिला स्वर चार मात्रा टिकतो. ती चाल स्वतःच सांगते की मला एका बाराला एक आधार पुरे आहे. लूप मात्र त्या लांब स्वराच्या पाठोपाठ लगेच जमीन सरकवत होता. दुसऱ्या बारात पंचमाखाली एफ येत होती आणि ‘ग रे सा’ खाली जी. चौथ्या बारात गंधार चार मात्रा टिकतो, त्याच्याखाली पुन्हा जी. आणि सर्वांत वाईट म्हणजे आठव्या बारात चाल षड्जावर विसावते तेव्हा खाली आधी एफ आणि मग जी वाजत होती. जीमधला निषाद आणि गायकाचा षड्ज हे शेजारी स्वर एकमेकांवर घासत होते, आणि तेही नेमके जेथे विसावा हवा होता तेथे. मुखडा घरी येत नाही ही तक्रार शब्दशः खरी होती, कारण कॉर्डने घरच ठेवले नव्हते. आठ बारांपैकी पहिला, पाचवा आणि सहावा एवढेच लूपशी सुखाने नांदत होते.

कोणी म्हणेल की हा चुकीच्या कॉर्डचा दोष आहे, त्यांच्या गतीचा नव्हे. हे अर्धे बरोबर आहे, आणि म्हणूनच आधी केवळ गती बदलून पाहावी. आम्ही कॉर्ड त्याच ठेवल्या आणि प्रत्येकीची लांबी दुप्पट केली:

| सी | एमायनर | एफ | जी | सी | एमायनर | एफ | जी |

एवढ्याने पहिले चार बार मोकळे झाले. दुसऱ्या बारात एमायनरवरचा पंचम मऊ सातवा स्वर होतो आणि ‘ग रे सा’ तिच्यात आरामात बसते, तिसऱ्या बारातील धैवत-मध्यम एफचेच आहेत. चौथ्यात गंधार थोडा टोचतो. संगीतकार तेथेच म्हणाला की गायकाचा लांब पंचम आता डळमळत नाही. सातवा आणि आठवा बार मात्र आणखी उघडे पडले: एफवर मंद्र निषाद खटकला आणि षड्जावर आता पूर्ण बारभर जी आली. म्हणजे गतीचा दोष कोठपर्यंत होता आणि निवडीचा कोठून सुरू होतो हे दोन मिनिटांत वेगळे झाले. ही तपासणी करण्यामागचे कारण हेच आहे.

मग चालीला विचारत विचारत पुढील मांडणी केली:

| सी | सी | एफ | सी |
| एमायनर | एफ | डीमायनर – जी | सी |

पहिल्या दोन बारांतील प, ग, सा हे सगळे सी कॉर्डचेच स्वर आहेत आणि रिषभ जाता जाता लागतो, म्हणून तेथे बदलाची गरजच नव्हती. तिसऱ्या बारात धैवत येतो, तो सीचा नाही, म्हणून चाल स्वतः बदल मागते आणि तेथे एफ येते. जाता जाता लागणाऱ्या प्रत्येक स्वराला वेगळी कॉर्ड देणे ही या सगळ्या बिघाडाची मूळ सवय आहे. चार मात्रा टिकणारा स्वर आणि समेवरचा स्वर यांना कॉर्ड द्यावी, बाकीच्यांना जाऊ द्यावे. सातव्या बारात मात्र म आणि रे डीमायनरचे, पुढचे रे आणि ऩि जीचे, म्हणून तेथे अर्ध्या बाराचा बदल योग्य ठरतो. आता लांबी पाहा: दोन बार, मग एक, एक, एक, एक, मग अर्धा, अर्धा, आणि शेवटी एक बार घर. पूर्ण मुखड्यात अर्ध्या बाराचा बदल एकाच ठिकाणी आहे, तोही घराच्या उंबरठ्यावर, म्हणून तो ऐकू येतो. आधी तसे १६ बदल होते आणि एकही ऐकू येत नव्हता.

अंतऱ्यात चाल धैवत आणि तार षड्जाभोवती फिरत होती, दोन्ही स्वर एमायनर आणि एफ या दोहोंत आहेत. त्याचा फायदा घेऊन कॉर्ड बराच वेळ थांबवता आली:

| एमायनर | एमायनर | एमायनर | एमायनर |
| एफ | एफ | डीमायनर – जी | एफ – जी |

चार बार, दोन बार, आणि मग अर्ध्या-अर्ध्या बाराचे चार बदल. शेवटच्या जीवरून मुखड्याचा सी समेवर पडतो आणि तेथून दोन बार हलत नाही. अंतरा शेवटाकडे घाई करतो आणि मुखडा पाय रोवून उभा राहतो, हा फरकच मुखड्याला उंची देतो. टेम्पो परत १०० वर आणला आणि दोन मोठे ड्रम फिल काढून टाकले. गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्या कोरसमधील एका ताईंनी विचारले की टेम्पो वाढवला का.

अंतऱ्यातील पहिले चार बार अनेकांना रिकामे वाटतात आणि हात शिवशिवतो. तेथे कॉर्ड न बदलता ढोलकीचा ठेका दाट करावा किंवा बासरीने ओळींच्या मधल्या जागा भराव्यात. दाटी वाढवणे आणि कॉर्ड बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही एकाच वेळी वाढवली की गाणे धापा टाकते.

सहावी तपासणी: पूर्ण गाण्याचा नकाशा

ही सर्वांत वेळखाऊ तपासणी आहे, म्हणून शेवटी. मुखडा, म्युझिक पीस, अंतरा आणि शेवट यांची सरासरी काढावी: एका बाराला किती बदल. वरच्या गाण्यात नव्या मुखड्याच्या आठ बारांत सुरुवातीचा सी धरून ८ कॉर्ड पडतात, म्हणजे बाराला एक. अंतऱ्यात त्या ६ आहेत, पैकी ४ शेवटच्या दोन बारांत. म्युझिक पीस दोन्हींपेक्षा वेगळा हवा असेल तर तो एका कॉर्डवर ठेवता येतो, किंवा नाचाच्या गाण्यात त्यालाच सर्वांत जलद करता येते. येथे नियम नाही. मात्र सलग दोन भागांचे आकडे सारखे आले तर ते जाणूनबुजून केलेले असावेत, लूप पुढे ओढल्यामुळे आलेले नसावेत.

दुसरा अंतरा पहिल्याच मांडणीवर ठेवावा असे माझे मत आहे. पुष्कळजण तिसऱ्या मुखड्याला पट्टी अर्ध्या स्वराने चढवून जोर आणतात. कॉर्डची गती दुरुस्त झाल्यावर त्याची गरज क्वचितच पडते, आणि गायकाच्या वरच्या स्वराची मर्यादा तर नेहमीच असते.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

अभंग, भजन किंवा रागावर बांधलेली चाल असेल आणि कॉर्ड धीम्या केल्यावरही रागाचे रूप बिघडत असेल, तर स्वतः प्रयोग करू नयेत. कॉर्ड काढून केवळ षड्ज-पंचम ठेवावा आणि राग जाणणाऱ्या गायकाला किंवा संवादिनीवादकाला बोलवावे. काही चालींना कॉर्ड नकोच असते, आणि हे ठरवण्याचा अधिकार कीबोर्डवाल्याचा नाही.

गाणे आधीच मिक्स होऊन एकाच फाईलमध्ये आले असेल तर घरी काही करता येत नाही. बेस आणि पॅडचे वेगळे ट्रॅक ज्याच्याकडे आहेत त्या स्टुडिओकडेच जावे, कारण वरून नवी कॉर्ड वाजवली तर खालची जुनी तशीच राहते आणि दोन्हींचा गोंधळ होतो.

ब्रास बँडसाठी लिहिलेल्या नोटेशनमध्ये बदल करायचा असेल तर अरेंजर लागतोच. बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांचा लिहिलेला स्वर प्रत्यक्षातल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर वर असतो, आल्टो सॅक्सोफोनचा हिशेब आणखी वेगळा. कीबोर्डवर एक कॉर्ड काढली म्हणजे प्रत्येक वादकाच्या कागदावरील त्या बाराचा स्वर पुन्हा लिहावा लागतो. मिरवणुकीच्या आदल्या रात्री हे करू नये.

आणि पाचव्या तपासणीत चालीचे टिकणारे स्वर कोणत्याच साध्या कॉर्डला धरत नाहीत असे तीन-चार बार सलग आढळले, तर चाल मध्येच पट्टी बदलते आहे किंवा आपण मूळ षड्जच चुकीचा धरला आहे. अशा वेळी गाणे तानपुऱ्यावर गाऊन केलेले रेकॉर्डिंग आणि वहीतील आखलेले चौकोन असे दोन्ही घेऊन अरेंजरकडे जावे. त्या दोन गोष्टी सोबत असल्या की त्याचे अर्धे काम आधीच झालेले असते, आणि तो पहिल्याच बैठकीत षड्ज कोठे आहे ते सांगू शकतो.